लाइट आली, आता राहिलेल्या कामांचं काय? – भागाचा लिखित मजकूर

या भागाचा मजकूर जसा बोललो तसाच, थोडा नीट करून इथे देतोय. कोडचे तीन छोटे तुकडे आहेत, ते ऐकताना डोक्यात बसत नाहीत, म्हणून ते इथे वाचलेले बरे.

तुमचा फोन रात्री बंद पडला आणि सकाळी १० वाजता तुम्ही तो चार्ज करून सुरू केला, असं समजा. मधल्या वेळात तीन गोष्टी राहून गेल्या. सहाचा अलार्म वाजला नाही. चाळीस मेसेज आले असते, ते आले नाहीत. आणि एका ॲपचे लागोपाठ दोन अपडेट येऊन गेले. आता फोनने काय करावं? मेसेज चाळीसच्या चाळीस हवेत, एकही गाळून चालणार नाही. अपडेट मात्र दोन्ही नकोत, शेवटचा एकदा टाकला की झालं. आणि सहाचा अलार्म दहा वाजता वाजवून काही उपयोग नाही, तो सोडून द्यायचा.

म्हणजे राहिलेलं काम तीन प्रकारे हाताळता येतं: सगळं भरून काढा, एकदाच करा, किंवा सोडून द्या. फोनच्या बाबतीत हे आपल्याला न विचारता कळतं. पण आपण स्वतः एखादी स्क्रिप्ट लिहितो, ती रोज रात्री आपोआप चालेल अशी लावतो, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारतच नाही. मशीन बंद पडून परत सुरू होईपर्यंत.

एक दूध संकलन केंद्र घेऊ

गावातल्या दूध संस्थेचं संकलन केंद्र. १२० सभासद. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, लिटर, फॅट, एसएनएफ मोजलं जातं आणि ऑफिसातल्या छोट्या लिनक्स मशीनवर नोंद होते. हे उदाहरण मी बोलण्यासाठी रचलेलं आहे, पण यातली कामं कुठल्याही केंद्रावर असतात तशीच आहेत.

मशीनवर तीन कामं वेळापत्रकाने चालतात. रात्री १२:१५ ला आदल्या दिवसाचा हिशेब होतो आणि प्रत्येक सभासदाला एसएमएस जातो: किती लिटर, किती फॅट, किती रुपये. रात्री १ वाजता सगळ्या डेटाचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर जातो. आणि पहाटे ५:३० ला एक आठवणीचा एसएमएस: आज संकलन ६ वाजता सुरू.

आता शुक्रवारी रात्री ८ वाजता डीपी जळाली. संध्याकाळचं संकलन तोपर्यंत आटोपलं होतं, नोंदी झाल्या होत्या. लाइट आली ती थेट सोमवारी सकाळी ९:२० ला. शनिवार-रविवार दूध येतच होतं, गाई-म्हशी डीपीची वाट बघत नाहीत. त्या चार पाळ्या आणि सोमवार सकाळची पाळी वहीत लिहिली गेली.

हिशेब बघा. प्रत्येक काम शनिवार, रविवार, सोमवार असं तीनदा चुकलं. तीन कामं, नऊ फेऱ्या. या नऊपैकी किती चालवायच्या?

क्रॉन काय करतो?

ही कामं साध्या क्रॉनवर लावली असतील तर उत्तर आहे शून्य. क्रॉन दर मिनिटाला बघतो, आत्ता कोणतं काम करायचं आहे का? मशीन बंद होतं तर त्या मिनिटाला बघणारा कुणी नव्हता. चालू झाल्यावर तो मागे वळून बघत नाही. क्रॉनचं धोरण म्हणजे 'सोडून द्या', फक्त ते कुठे मोठ्या अक्षरात लिहिलेलं नसतं.

म्हणूनच ॲनाक्रॉन आला. तो प्रत्येक कामाची शेवटची तारीख `/var/spool/anacron` मध्ये लिहून ठेवतो. ठरलेले दिवस उलटले असतील तर काम चालवतो, पण एकदाच. तीन दिवस गेले काय नि तीस गेले काय, एकदाच.

सिस्टमडीच्या टायमरमध्येही हीच सोय एका ओळीत मिळते:

```
[Timer]
OnCalendar=*-*-* 01:00:00
Persistent=true
```

`Persistent=true` लिहिलं की टायमर शेवटी कधी सुटला ते डिस्कवर, `/var/lib/systemd/timers` मध्ये नोंदवलं जातं. मशीन सुरू झाल्यावर मधल्या काळात एक जरी वेळ चुकलेली असेल तर काम लगेच एकदा चालतं.

बॅकअपला हे अगदी फिट बसतं. बॅकअप म्हणजे 'आत्ता जे आहे त्याची प्रत'. सोमवारी ९:२१ ला घेतलेल्या प्रतीत शुक्रवारपर्यंतचं सगळं आहेच. तीनदा चालवला असता तर एकाच गोष्टीच्या तीन प्रती झाल्या असत्या. आणि आपण फक्त शेवटच्या सात प्रती ठेवत असू, तर या फुकटच्या दोन प्रतींनी दोन जुन्या, खऱ्या प्रती बाहेर ढकलल्या असत्या. म्हणजे जास्त चालवणं इथे नुसतं वाया जात नाही, नुकसान करतं.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. टायमरची ती नोंद काम सुटल्याची असते, यशस्वी झाल्याची नसते. १ वाजता बॅकअप सुरू झाला आणि डिस्क भरल्यामुळे १:०२ ला मेला, तर टायमरच्या लेखी आजचं काम झालं. `Persistent` चुकलेल्या वेळेसाठी आहे, फसलेल्या कामासाठी नाही. ते वेगळं पकडावं लागतं.

हिशेब: इथे सगळे हवेत

आता १२:१५ चं काम. शुक्रवारचा हिशेब, शनिवारचा हिशेब, रविवारचा हिशेब. प्रत्येक वेगळा आहे. एक जरी गाळला तर दहा दिवसांच्या पगारात तो दिवस येणार नाही, आणि सभासदाला ते पगाराच्या दिवशी कळेल. म्हणजे धोरण 'सगळे'.

पहिला मोह असा होतो की तीच स्क्रिप्ट तीनदा चालवू. पण स्क्रिप्टच्या आत काय लिहिलंय ते बघा. बहुतेक वेळा आत असतं: कालची तारीख काढ, त्या तारखेच्या नोंदी घे. सोमवारी ही स्क्रिप्ट तीनदा चालवली तर तिन्ही वेळा 'काल' म्हणजे रविवारच. रविवारचा हिशेब तीनदा, शुक्रवार-शनिवार गायब. एसएमएसही एकच, तीनदा. आणि स्क्रिप्ट जमा रक्कम खात्यात नुसती मिळवत जात असेल, तर रविवारचे पैसे तिप्पट.

म्हणून पहिला बदल: स्क्रिप्टने घड्याळाकडे बघायचंच नाही. तारीख तिला बाहेरून द्यायची. `hisheb.sh 2025-07-11` असं म्हटलं की त्या दिवसाचा हिशेब, आज कोणताही दिवस असो. आणि त्या तारखेचा हिशेब आधी झालेला असेल तर वर मिळवायचा नाही, जुना खोडून नवा लिहायचा. म्हणजे चुकून दोनदा चालला तरी खात्यात रक्कम एकदाच.

दुसरा बदल: कुठपर्यंत झालंय ते एका फाइलमध्ये ठेवायचं.

```
last=$(cat done.txt)
end=$(date -d yesterday +%F)
while [[ "$last" < "$end" ]]; do
  day=$(date -d "$last + 1 day" +%F)
  ./hisheb.sh "$day" || break
  echo "$day" > done.txt
  last=$day
done
```

शुक्रवारी लाइट गेली तेव्हा `done.txt` मध्ये गुरुवारची तारीख होती. सोमवारी हा तुकडा चालला की शुक्रवार, मग शनिवार, मग रविवार, जुन्यापासून नव्याकडे, क्रमाने. रोजच्या रात्री हाच तुकडा एकाच दिवसाचा हिशेब करतो. वेगळी 'भरपाईची' स्क्रिप्ट लागतच नाही. राहिलेलं जेवढं आहे तेवढं करायचं, कधी एक, कधी तीन.

`echo` ची ओळ हिशेबानंतर आहे, ते मुद्दाम. आधी लिहिली आणि मधेच लाइट गेली तर तो दिवस 'झाला' असं दिसेल आणि कायमचा सुटेल. नंतर लिहिली आणि मधेच लाइट गेली तर तो दिवस परत होईल. परत झालेला चालतो, कारण आपण खोडून लिहितोय. एसएमएस मात्र खोडता येत नाही. त्यासाठी कुठल्या सभासदाला कुठल्या तारखेचा मेसेज गेला ही नोंद वेगळी ठेवायची आणि पाठवण्याआधी ती बघायची.

भरपाई लवकर झाली तर?

आता या उदाहरणातली खरी गोम. सोमवारी ९:२० ला मशीन सुरू झालं, ९:२१ ला हिशेबाने भरपाई सुरू केली. शुक्रवार नीट झाला, नोंदी मशीनवर होत्या. पण शनिवार-रविवारचं दूध कुठे आहे? वहीत. मशीनच्या दृष्टीने त्या दोन दिवसांत एक थेंबही दूध आलेलं नाही.

स्क्रिप्ट काही अडखळत नाही. ती शून्य लिटर, शून्य रुपये असा हिशेब करते, १२० जणांना दोन-दोन एसएमएस सोडते, आणि `done.txt` मध्ये रविवार लिहून मोकळी होते. सचिव वही उघडून नोंदी चढवायला बसण्याआधीच मशीनने दोन्ही दिवस बंद केले. नंतर चढवलेल्या नोंदींकडे आता कुणी परत बघणार नाही. फोन मात्र येत राहतील.

इथे धोरण बरोबर होतं, 'सगळे'. वेळ चुकली. मशीन सुरू होणं आणि डेटा तयार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बंद पडलेल्या काळाचा डेटा तर बहुतेक वेळा उशिरानेच येतो, कारण जे बंद होतं त्यातूनच तो यायचा असतो.

उपाय साधा आहे. प्रत्येक दिवसाला एक 'दिवस पूर्ण' अशी खूण ठेवायची. दोन्ही पाळ्या चढवून झाल्या की सचिव ती खूण करतात. `hisheb.sh` ने सुरुवातीलाच ती बघायची, नसेल तर काहीही न करता अपयशाचा कोड देऊन बाहेर पडायचं. वरच्या तुकड्यातलं `|| break` तिथेच थांबेल, `done.txt` शुक्रवारवरच राहील. हा तुकडा दर तासाला चालू द्या. सचिवांनी ११ वाजता शनिवार पूर्ण केला तर तासाभरात शनिवारचा हिशेब निघेल, दुपारी रविवार पूर्ण केला तर रविवारचा.

शून्य दूध आणि नोंदच नाही, यातला फरक मशीनला आपोआप कळत नाही. तो कुणीतरी सांगावा लागतो.

अजून एक जागा आहे घसरण्याची. समजा रविवारपासून दर लिटरला ३४ वरून ३५ रुपये झाला. सोमवारी शुक्रवारचा हिशेब करताना स्क्रिप्टने 'सध्याचा दर' वाचला तर १२ लिटरचे ४०८ ऐवजी ४२० होतील. रोज रात्रीच्या रात्री हिशेब होत होता तोवर सध्याचा दर आणि त्या दिवसाचा दर एकच होता, म्हणून ही चूक कधी दिसली नसेल. भरपाई सुरू झाली की दिसते. तारीख बाहेरून द्यायची ठरवलं, तर दरही त्या तारखेचाच शोधायला हवा.

आठवणीचा एसएमएस: सोडा, पण कधी?

'आज संकलन ६ वाजता सुरू' हा मेसेज सोमवारी सकाळी ९:२१ ला तीनदा गेला तर लोक हसतील, पुढच्या वेळी वाचणार नाहीत. म्हणजे सोडून द्या. हे काम क्रॉनवरच राहू दे, तो सोडतोच.

पण जरा थांबा. लाइट ५:२० ला गेली आणि ५:४० ला आली तर? ५:४० ला हा मेसेज अजून उपयोगाचा आहे. क्रॉन तोही सोडणार. म्हणजे आपल्याला हवंय ते नुसतं 'सोडा' नाही, 'मुदत संपली असेल तर सोडा'. टायमरला `Persistent=true` लावा आणि मुदत स्क्रिप्टमध्येच तपासा:

```
now=$(date +%H%M)
[ "$now" -ge 0530 ] && [ "$now" -lt 0600 ] || exit 0
```

दोन अटी का, फक्त 'सहाच्या आत' का नाही? समजा लाइट शनिवारी पहाटे ४ ला गेली आणि रविवारी रात्री २ ला आली. शनिवारचा ५:३० चुकलेला आहे, म्हणून टायमर लगेच सुटेल, रात्री २ वाजता. दोन हे सहाच्या आतच आहे! एकच अट असती तर १२० घरांत रात्री दोनला फोन वाजले असते.

जे परत करताच येत नाही

आता एक चौथं काम, जे मी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. केंद्रावर दूध थंड ठेवणारा बल्क कूलर आहे. दर १५ मिनिटांनी मशीन त्याचं तापमान वाचून नोंदवतं. जनरेटर फक्त कूलरला जोडलेला होता, ऑफिसला नाही. शुक्रवार रात्री ८ ते सोमवार ९:२० म्हणजे ६१ तास २० मिनिटं, सुमारे २४५ नोंदी चुकल्या.

या 'सगळ्या' भरून काढल्या तर काय होईल? स्क्रिप्ट २४५ वेळा कूलरचं आत्ताचं तापमान वाचेल आणि मागच्या वेळांपुढे लिहील. शनिवारी दुपारी ४ अंश, रविवारी पहाटे ४ अंश. सगळं छान. फक्त खोटं. मधे दोन तास जनरेटर बंद पडला असेल तर ते या नोंदीतून पुसलं गेलं, आणि दूध नासलं म्हणून उद्या कुणी तक्रार केली तर आपल्या हातात बनावट पुरावा आहे.

तापमान हे त्या क्षणाचंच असतं. मागचा क्षण परत वाचता येत नाही. इथे एकच प्रामाणिक धोरण: २४५ जागा रिकाम्या ठेवा आणि एक ओळ लिहा, या वेळेपासून या वेळेपर्यंत मशीन बंद. तुम्ही शेअरचे भाव, दुकानातला शिल्लक माल, साठवण टाकीची पातळी असं काही नोंदवत असाल तर तेही याच खान्यात. 'भरपाई करता येते का?' हा प्रश्न 'करावी का?' च्या आधीचा आहे.

मोठ्या सिस्टिमवर काम करणाऱ्यांसाठी

डेटाच्या कामात एअरफ्लो वापरणाऱ्यांना हीच गोष्ट `catchup` या नावाने भेटते. `catchup=True` म्हणजे सुरुवातीच्या तारखेपासून आजवरचा प्रत्येक राहिलेला कालखंड चालवायचा. `catchup=False` म्हणजे फक्त शेवटचा. आवृत्ती २ पर्यंत काहीच लिहिलं नाही तर `True` धरलं जायचं. त्यामुळे सुरुवातीची तारीख दोन वर्षं मागची टाकून रोजचं काम चालू केलं की सातशेहून जास्त फेऱ्या रांगेत उभ्या राहायच्या. आवृत्ती ३ पासून न लिहिल्यास `False` धरतात. म्हणजे जुनं काम नव्या आवृत्तीवर नेताना उलटी फसगत होऊ शकते: जे दिवस आपोआप भरून निघायचे, ते आता गुपचूप रिकामे राहतील. म्हणून काम छोटं असो की मोठं, ही ओळ स्वतःच लिहा, सिस्टिमवर सोडू नका. आणि `True` हवं असेल तर `max_active_runs` छोटा ठेवा, नाहीतर बऱ्याच फेऱ्या एकदम डेटाबेसवर तुटून पडतात.

नऊपैकी किती?

तर आपल्या केंद्रावर: बॅकअप एकदा. हिशेब तीनदा, पण प्रत्येक दिवस पूर्ण झाल्याची खूण बघून. आठवणीचा एसएमएस एकदाही नाही. नऊपैकी चार. आणि तापमानाच्या २४५ जागा रिकाम्या.

आणि हे सगळं बरोबर लागलंय का ते तपासायला डीपी जळायची वाट बघू नका. ज्या मशीनवर खरे सभासद नाहीत अशी एक प्रत घ्या, एसएमएसच्या जागी फक्त फाइलमध्ये लिहायला लावा. `done.txt` मध्ये चार दिवस मागची तारीख टाका, मधल्या एका दिवसाची 'पूर्ण' खूण काढून घ्या आणि चालवा. हिशेब त्या दिवसापाशी थांबला पाहिजे. खूण परत लावा, पुन्हा चालवा, पुढचे सगळे दिवस झाले पाहिजेत. मग अजून एकदा चालवा. या तिसऱ्या वेळी एकही नवीन एसएमएस फाइलमध्ये दिसता कामा नये. दिसला, तर तो कुठल्या तारखेचा आहे ते बघा, गडबड तिथेच आहे.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात भेटू.